डोप केलेल्या सिलिकॉनमध्ये इलेक्ट्रॉन किती आणि होल किती: एक गणित, दोन तापमानं

समजा हातात सिलिकॉनचा एक वेफर आहे. त्यात मुद्दाम फॉस्फरस मिसळला आहे, दर घन सेंटीमीटरला ५ × १०^१४ अणू. कच्च्या मालातून थोडा बोरॉनही आला आहे, २ × १०^१४. हे अगदी शक्य असतं, कारण बोरॉन काढून टाकणं जड जातं. वितळलेलं सिलिकॉन गोठवताना बऱ्याचशा धातूंच्या अशुद्धी द्रवात मागे राहतात. बोरॉन मात्र तसा मागे राहत नाही, द्रवात जितका असेल त्याच्या सुमारे ८० टक्के प्रमाणात तो घनातही येऊन बसतो.

आता प्रश्न असा: ३०० केल्विनला, म्हणजे खोलीच्या तापमानाला, या वेफरमध्ये मोकळे इलेक्ट्रॉन किती आणि होल किती? आणि हाच वेफर ५०० केल्विनपर्यंत, म्हणजे २२७ अंश सेल्सिअसपर्यंत तापवला, तर दोन्ही आकडे काय होतील?

पहिला भाग दोन ओळींत सुटतो. दुसऱ्या भागात बहुतेक नवखे घसरतात, आणि गंमत म्हणजे मास ॲक्शन नियम अगदी बरोबर वापरूनच घसरतात. म्हणून हे एकच गणित शेवटपर्यंत नेऊ. (१०^१४ म्हणजे दहाचा चौदावा घात. पुढे सगळ्या घनता दर घन सेंटीमीटरला आहेत, दर वेळी एकक लिहीत बसत नाही.)

गुणाकार स्थिर का राहतो

आधी शुद्ध सिलिकॉन घेऊ. त्यात दर घन सेंटीमीटरला सुमारे ५ × १०^२२ अणू असतात आणि प्रत्येक अणूचे चारही बाहेरचे इलेक्ट्रॉन शेजाऱ्यांशी बंधात अडकलेले असतात. उष्णतेमुळे जाळी थरथरत असते. त्या थरथरीतून एखाद्या बंधाला पुरेशी ऊर्जा मिळाली की तो तुटतो, एक इलेक्ट्रॉन मोकळा होतो आणि त्याच्या जागी बंधात एक रिकामी जागा उरते. ती जागा म्हणजे होल. शेजारचा इलेक्ट्रॉन तिथे सरकला की रिकामी जागा त्याच्याकडे सरकते, म्हणून होलही धन प्रभार वाहून नेणाऱ्या कणासारखा फिरताना दिसतो.

शुद्ध सिलिकॉनमध्ये इलेक्ट्रॉन आणि होल जोडीनेच जन्मतात, त्यामुळे दोघांची संख्या सारखी असते. या सारख्या संख्येला ni म्हणतात, इंट्रिन्सिक कॅरिअर घनता. सिलिकॉनसाठी ३०० केल्विनला ती सुमारे १ × १०^१० आहे. आकडा मोठा वाटतो, पण ५ × १०^२२ अणूंच्या तुलनेत पाहिलं तर पाच लाख कोटी अणूंमागे एक जोडी पडते. त्यापुढे आपल्या वेफरमधला फॉस्फरस म्हणजे दहा कोटी सिलिकॉन अणूंमागे एक अणू. इतकी क्षुल्लक भेसळ, तरी ती ni च्या पन्नास हजार पट आहे. डोपिंगची सगळी ताकद या तफावतीत आहे.

जोड्या जन्मतात तशा मरतातही. मोकळा इलेक्ट्रॉन होलला गाठतो, बंध पुन्हा जुळतो आणि दोघंही हिशेबातून जातात. जोड्या जन्मण्याचा वेग बंध किती आणि थरथर किती यावर ठरतो, म्हणजे तापमानावर. दहा कोटींत एक अणू बदलला म्हणून तुटू शकणाऱ्या बंधांची संख्या काही घटत नाही. मरण्याचा वेग मात्र भेटीगाठींवर ठरतो. इलेक्ट्रॉन दुप्पट झाले तर भेटी दुप्पट, होलही दुप्पट झाले तर भेटी चौपट. थोडक्यात, इलेक्ट्रॉनची घनता n आणि होलची घनता p धरली, तर मरण्याचा वेग n × p च्या प्रमाणात असतो. समतोलात जन्म आणि मरण बरोबरीत असतात. जन्माचा वेग तापमानाने बांधलेला, म्हणून n × p सुद्धा तापमानाने बांधलेला. शुद्ध सिलिकॉनमध्ये हा गुणाकार ni × ni असतो, तेव्हा डोप केलेल्यातही तो तेवढाच:

n × p = ni²

हाच मास ॲक्शन नियम. नाव रसायनशास्त्रातून आलं आहे. गुल्डबर्ग आणि वागे या नॉर्वेच्या दोघांनी १८६४ मध्ये रासायनिक क्रियांसाठी तो मांडला. इलेक्ट्रॉन आणि होल मिळून अखंड बंध, ही एक उलटसुलट चालणारी क्रियाच आहे असं पाहिलं की नाव पटतं.

प्रत्यक्ष सिलिकॉनमध्ये इलेक्ट्रॉन आणि होल थेट क्वचितच भेटतात. बहुतेकदा जाळीतल्या एखाद्या दोषाच्या मध्यस्थीने मरतात. तरी नियम बदलत नाही, कारण समतोलात प्रत्येक वाटेने जाणारे आणि त्याच वाटेने उलट येणारे सारखेच असतात.

एका समीकरणाने भागत नाही

आता नियमाकडे नीट पाहा. तो फक्त गुणाकार सांगतो. n आणि p दोन अज्ञात संख्या, आणि समीकरण एक. गुणाकार १०^२० आहे एवढं कळलं तर दोघंही १०^१० असू शकतात, किंवा एक १०^१४ आणि दुसरा १०^६, किंवा आणखी काहीही. दुसरं समीकरण हवंच, आणि ते येतं वेफरच्या एकूण प्रभारातून.

वेफर विद्युतदृष्ट्या उदासीन असतो. आपण त्यात अणू मिसळले, प्रभार नाही. फॉस्फरसच्या अणूने आपला पाचवा इलेक्ट्रॉन सोडला की तो स्वतः धन होऊन जागच्या जागी बसतो. हा डोनर, त्याची घनता N_D. बोरॉनला बंधासाठी एक इलेक्ट्रॉन कमी पडतो. तो इलेक्ट्रॉन त्याने घेतला की बोरॉन ऋण होऊन बसतो. हा ॲक्सेप्टर, घनता N_A. सगळे धन एका बाजूला, सगळे ऋण दुसऱ्या बाजूला मांडले की:

p + N_D = n + N_A

म्हणजेच

n − p = N_D − N_A

गुणाकार मास ॲक्शन नियमाने दिला, वजाबाकी उदासीनतेने दिली. दोन संख्यांचा गुणाकार आणि फरक माहीत असेल तर त्या संख्या काढणं हे शाळेतलं वर्गसमीकरण आहे. p च्या जागी ni²/n घालून सोडवलं की:

n = (N_D − N_A)/2 + √[ ((N_D − N_A)/2)² + ni² ]

मुळाच्या आधी अधिक चिन्ह, कारण घनता ऋण असू शकत नाही. हे सूत्र N_D मोठा असताना वापरायचं. बोरॉन जास्त असेल तर तेच सूत्र p साठी लिहायचं, कंसात N_A − N_D घालून.

ni चा आकडा कुठून घ्यायचा

इथे थोडं थांबतो, कारण सर्वांत जास्त गोंधळ याच एका आकड्यावरून होतो.

शालेय आणि महाविद्यालयीन पुस्तकांत ३०० केल्विनसाठी १.५ × १०^१० हा आकडा सर्रास दिसतो. जुना आहे. १९९० च्या सुमारास मार्टिन ग्रीन आणि त्यांचे सहकारी स्प्राउल यांनी जुनी मोजमापं पुन्हा तपासली, खास बनवलेल्या सोलर सेलवर नवी मोजमापं केली, आणि आकडा १.० × १०^१० च्या आसपास आणला. पुढच्या कामात तो ९.६५ × १०^९ पर्यंत आला आहे. हाताने करायच्या गणिताला १ × १०^१० पुरेसा आहे. मात्र परीक्षेच्या प्रश्नात १.५ × १०^१० दिला असेल तर तोच घ्या, तिथे इतिहास सांगत बसू नका.

फरक किती पडतो? ni चा वर्ग येतो, म्हणून दीडपटीची सव्वादोनपट होते. ती सगळी अल्पसंख्य कणांवर पडते, म्हणजे इलेक्ट्रॉन आणि होल यांपैकी जे कमी असतील त्यांच्यावर. बहुसंख्य कणांच्या आकड्यावर खोलीच्या तापमानाला काहीच फरक दिसत नाही. उत्तरसूचीतली होलची संख्या तुमच्या उत्तराच्या बरोबर २.२५ पट असेल आणि इलेक्ट्रॉनची जुळत असेल, तर चूक शोधू नका. दोघांनी ni वेगळा घेतला आहे.

तापमान बदललं की ni या सूत्राने बदलतो:

ni = √(Nc × Nv) × exp(−Eg / 2kT)

Eg हा बँडगॅप, बंध तोडायला लागणारी ऊर्जा. k म्हणजे ८.६१७ × १०^-५ इलेक्ट्रॉन व्होल्ट प्रति केल्विन. Nc आणि Nv या इलेक्ट्रॉन आणि होलसाठी उपलब्ध असलेल्या जागांच्या परिणामी घनता, आणि त्या दोन्ही T च्या दीड घाताच्या प्रमाणात वाढतात. घातांकातल्या छेदात २ आहे याकडे लक्ष द्या. ni² चं सूत्र लिहिताना तो नसतो, ni चं लिहिताना असतो. हा २ विसरला तर उत्तर ३०० केल्विनला दहाच्या नवव्या घाताइतकं खाली येतं, म्हणून चूक लगेच दिसते.

लगेच न दिसणारी एक अडचण वेगळीच आहे. अनेक पुस्तकांच्या तक्त्यात Nc २.८ × १०^१९, Nv १.०४ × १०^१९ आणि Eg १.१२ इलेक्ट्रॉन व्होल्ट दिलेला असतो. हे तिन्ही सूत्रात घाला. ni येतो सुमारे ६.७ × १०^९. त्याच तक्त्याच्या खालच्या ओळीत मात्र १.५ × १०^१० छापलेला असतो. पहिल्यांदा हे झालं तेव्हा मी कॅल्क्युलेटरलाच दोष दिला होता. कॅल्क्युलेटर ठीक होता, आकडे वेगवेगळ्या काळातल्या आणि वेगवेगळ्या गृहीतकांच्या मोजमापांतून एकत्र आलेले होते.

म्हणून माझी शिफारस अशी: Nc आणि Nv मध्ये शिरूच नका. ३०० केल्विनचा मोजलेला ni, म्हणजे १ × १०^१०, हा खुंटा धरा आणि दुसऱ्या तापमानाला तो किती पट होतो एवढंच काढा. जागांच्या घनतेमुळे (T/300) चा दीड घात येतो आणि उरलेला भाग दोन घातांकांच्या फरकातून येतो.

५०० केल्विनसाठी करून पाहू. आणखी एक गोष्ट आधी सांगायला हवी: सिलिकॉन तापलं की बँडगॅप थोडा आकसतो. ३०० केल्विनला १.१२४ असलेला गॅप ५०० केल्विनला सुमारे १.०६६ इलेक्ट्रॉन व्होल्ट होतो.

३०० केल्विनला २kT = ०.०५१७०, म्हणून घातांक १.१२४ / ०.०५१७० = २१.७४.

५०० केल्विनला २kT = ०.०८६१७, म्हणून घातांक १.०६६ / ०.०८६१७ = १२.३७.

फरक ९.३७. exp(९.३७) म्हणजे सुमारे ११,७००. आणि (५००/३००) चा दीड घात २.१५. दोन्हींचा गुणाकार सुमारे २५,०००. तेव्हा ५०० केल्विनला

ni ≈ २.५ × १०^१४.

गॅप आकसतो हे दुर्लक्षून दोन्हीकडे १.१२ घातला असता तर १.२५ × १०^१४ आला असता, म्हणजे निम्मा. तापमान ३०० च्या जवळपास असेल तर ही सूट चालते, इथे चालत नाही.

३०० केल्विनचं उत्तर

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. N_D − N_A = ५ × १०^१४ − २ × १०^१४ = ३ × १०^१४. उत्तर धन आहे, म्हणजे इलेक्ट्रॉन बहुसंख्य, म्हणून वेफर एन-टाइप, आणि आधी n काढायचा.

सूत्रात घालण्यापूर्वी एक तुलना करा: हा फरक ni च्या किती पट आहे? ३ × १०^१४ भागिले १०^१० म्हणजे तीस हजार पट. मुळाखालचा ni² इतका किरकोळ आहे की तो सोडून दिला तरी चालेल. मग n म्हणजे थेट फरकच:

n = ३ × १०^१४

p = ni² / n = १०^२० / (३ × १०^१४) = ३.३ × १०^५

होलच्या आकड्याचं जरा नवल करायला हरकत नाही. शुद्ध सिलिकॉनमध्ये १०^१० होल होते. आपण होल काढले नाहीत, फक्त इलेक्ट्रॉन वाढवले, तरी होल तीस हजार पटींनी घटले. इलेक्ट्रॉनांची गर्दी वाढल्यामुळे प्रत्येक होलला मरण लवकर भेटतं, जन्माचा वेग मात्र तोच राहतो.

दुसरी पाहण्यासारखी गोष्ट म्हणजे n हा ५ × १०^१४ नाही. बोरॉनच्या २ × १०^१४ अणूंनी तितकेच इलेक्ट्रॉन गिळले. याला भरपाई किंवा कॉम्पेन्सेशन म्हणतात. एक चूक इथे फार होते: फॉस्फरसमुळे n = ५ × १०^१४ आणि बोरॉनमुळे p = २ × १०^१४ असं दोन्ही सरळ लिहून मोकळं होणं. अशा उत्तराचा गुणाकार १०^२९ होतो, ni² च्या शंभर कोटी पट. समतोलात असं राहणं शक्यच नाही, ते कण एकमेकांना गाठून केव्हाच संपले असते.

वेफर हातात असेल तर ही भरपाई रोधकतेतून जाणवते. एकट्या ५ × १०^१४ फॉस्फरसने रोधकता सुमारे ९ ओहम-सेंटीमीटर यायला हवी. फोर-पॉइंट प्रोबने मोजल्यावर आपल्या वेफरची सुमारे १५ येईल. पण मोजमाप सांगतं ते फक्त फरकाबद्दल. नुसता ३ × १०^१४ फॉस्फरस असलेला वेफर आणि आपला वेफर यांत प्रोबला भेद करता येत नाही. फॉस्फरस किती घातला होता याची नोंद असेल तरच बोरॉनचा संशय घेता येतो.

५०० केल्विनचं उत्तर, आधी चुकीचं

तीच रीत पुढे चालवू, बहुतेक जण चालवतात तशी. डोपिंग बदललेलं नाही, म्हणून n = ३ × १०^१४. ni² = (२.५ × १०^१४)² = ६.२५ × १०^२८. मग p = ६.२५ × १०^२८ / ३ × १०^१४ = २.१ × १०^१४.

मास ॲक्शन नियम पाळला गेला आहे. गुणाकार बरोबर आहे. तरी उत्तर चूक आहे, आणि ते कळायला कुणाची उत्तरसूची लागत नाही. दुसरं समीकरण तपासा. n − p = ३ × १०^१४ − २.१ × १०^१४ = ०.९ × १०^१४. यायला हवा होता ३ × १०^१४. म्हणजे या उत्तराप्रमाणे वेफरमध्ये दर घन सेंटीमीटरला २.१ × १०^१४ इतका जादा धन प्रभार पडून आहे. असा वेफर अस्तित्वात नसतो.

काय बिघडलं? उष्णतेने तुटलेल्या बंधांतून होल आले, तेव्हा प्रत्येकाबरोबर एक इलेक्ट्रॉनही आला. आपण होल मोजले आणि त्यांचे जोडीदार विसरलो. ३०० केल्विनला ते जोडीदार ३ × १०^५ होते, ३ × १०^१४ च्या समुद्रात कुणाच्या लक्षात आले नाहीत. ५०० केल्विनला ते मूळ संख्येच्या बरोबरीला आले.

आता पूर्ण सूत्र वापरू. फरकाचं अर्ध १.५ × १०^१४.

मुळाखाली: (१.५ × १०^१४)² + (२.५ × १०^१४)² = २.२५ × १०^२८ + ६.२५ × १०^२८ = ८.५ × १०^२८

वर्गमूळ: २.९१५ × १०^१४

n = १.५ × १०^१४ + २.९१५ × १०^१४ = ४.४१५ × १०^१४

p = ६.२५ × १०^२८ / ४.४१५ × १०^१४ = १.४१६ × १०^१४

ताळा: ४.४१५ − १.४१६ = २.९९९, म्हणजे ३ × १०^१४. जमलं. ni दोनच अंकांपर्यंत खात्रीचा आहे, म्हणून उत्तर लिहिताना n = ४.४ × १०^१४ आणि p = १.४ × १०^१४ असंच लिहावं. जादा अंक फक्त ताळ्यासाठी.

दोन्ही तापमानांची उत्तरं शेजारी ठेवा. इलेक्ट्रॉन जेमतेम दीडपट झाले. होल ३.३ × १०^५ वरून १.४ × १०^१४ झाले, म्हणजे चाळीस कोटी पटींहून जास्त. तापलेल्या डायोडची उलट दिशेची गळती इतकी का वाढते, याचं मूळ याच ओळीत आहे. ती गळती ni च्या जिवावर चालते, डोपिंगच्या नव्हे.

शॉर्टकट कधी चालतो

कसोटी साधी आहे. |N_D − N_A| जर ni च्या दहा पट किंवा जास्त असेल, तर बहुसंख्य कणांची घनता म्हणजे तो फरकच असं धरल्याने चूक जास्तीत जास्त एक टक्का होते. दहा पटींपेक्षा कमी असेल तर वर्गसमीकरण सोडवा. आपल्या वेफरसाठी ही सीमा ni = ३ × १०^१३ ला येते, आणि सिलिकॉनचा ni तिथे सुमारे ४४० केल्विनला, म्हणजे १६५ ते १७० अंश सेल्सिअसला पोहोचतो. डोपिंग १०^१६ किंवा १०^१७ असेल तर ५०० केल्विनलाही शॉर्टकट निर्धास्त चालतो. हलक्या डोपिंगचे वेफरच आधी दगा देतात.

वर्गसमीकरण नेहमीच सोडवलं तर? सोडवा, चूक नाही. फक्त एक पथ्य पाळा: सूत्राने बहुसंख्य कण काढा आणि अल्पसंख्य भागाकाराने. मुळाआधी वजा चिन्ह असलेल्या सूत्राने p थेट काढायला गेलात, तर जवळजवळ सारख्या दोन प्रचंड संख्यांची वजाबाकी होते. फरक १०^१६ असेल तर साध्या कॅल्क्युलेटरवर p चक्क शून्य येतो, खरं उत्तर १०^४ असताना. संगणकावर डोपिंग १०^१८ च्या घरात गेलं की तेच होतं, फक्त शून्याऐवजी कधी काहीतरी भलताच आकडा दिसतो. तो जास्त धोकादायक, कारण तो उत्तरासारखा दिसतो.

एककांचाही सापळा आहे. काही पुस्तकं घन मीटरमध्ये लिहितात: तिथे ni १ × १०^१६ असतो आणि ni² होतो १०^३२. डोपिंग घन मीटरमध्ये आणि ni घन सेंटीमीटरमध्ये घेतला, की अल्पसंख्य घनता भयंकर लहान येते. दर घन सेंटीमीटरला एकाहून कमी कण आला तर आधी एककं तपासा.

नियम कुठे लागू नाही

सगळा युक्तिवाद जन्म आणि मरण बरोबरीत आहेत यावर उभा होता. वेफरवर प्रकाश पडला की उष्णतेशिवाय आणखी एक जन्मदाता येतो. समजा ३०० केल्विनला प्रकाशाने १०^१३ जादा जोड्या टिकून आहेत. n होईल ३.१ × १०^१४, p होईल १०^१३, आणि गुणाकार ३.१ × १०^२७, म्हणजे ni² च्या तीन कोटी पट. उदासीनता तरीही पाळली जाते, कारण प्रकाश जोड्याच देतो. मोडतो तो फक्त मास ॲक्शन नियम. विद्युतदाब लावलेल्या पीएन जंक्शनजवळही हेच, म्हणून डायोड चालू असताना जंक्शनपाशी n × p = ni² लिहू नये.

खूप जड डोपिंगमध्ये, साधारण १०^१८ च्या पुढे, अशुद्धींमुळे बँडगॅप स्वतःच आकसायला लागतो, आणि १०^१९ च्या आसपास इलेक्ट्रॉन इतके दाटीने बसतात की घातांकाचं साधं सूत्रही पुरत नाही. तिथे ni च्या जागी वाढीव, परिणामी ni वापरतात. ट्रान्झिस्टरच्या एमिटरचं गणित साध्या ni ने केलं तर तिथले अल्पसंख्य कण खऱ्यापेक्षा बरेच कमी येतात.

उलट टोकाला थंडी. फॉस्फरसचा पाचवा इलेक्ट्रॉन सुटायला सुमारे ०.०४५ इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात. खोलीच्या तापमानाला ते सहज मिळतात, म्हणून आपण प्रत्येक डोनर मोकळा धरला. शंभर केल्विनच्या खाली जात गेलात की काही इलेक्ट्रॉन आपापल्या फॉस्फरसपाशीच राहतात. इथे मात्र n × p = ni² मोडत नाही. मोडतं ते उदासीनतेच्या समीकरणात N_D पूर्ण लिहिणं. तिथे फक्त सुटलेल्या डोनरची संख्या लिहायची असते. आपल्या वेफरमधला बोरॉन तेव्हाही भरलेलाच राहतो, कारण फॉस्फरसपेक्षा त्याची पातळी खूप खाली आहे आणि इलेक्ट्रॉन आधी तिथेच उतरतात.

हाताशी कागद असेल तर त्याच वेफरमध्ये बोरॉन २ ऐवजी ७ × १०^१४ धरून ३०० केल्विनचं गणित पुन्हा करा. फरक ऋण येतो, वेफर पी-टाइप होतो, p = २ × १०^१४ आणि n = ५ × १०^५. मग बोरॉन नेमका ५ × १०^१४ धरा. n आणि p दोन्ही १०^१० येतील, शुद्ध सिलिकॉनसारखे, जरी आत दर घन सेंटीमीटरला १०^१५ परके अणू बसलेले असले तरी. फक्त त्या वेफरमध्ये एक टक्का जरी बोरॉन कमी पडला, तरी n थेट ५ × १०^१२ वर उडी मारतो.